दिवसाचा पास की सुटी तिकिटं? चढउतार मोजू नका, तिकिटं मोजा

परदेशातल्या शहरात बसने आणि रेल्वेने फिरायचं ठरवलं की पहिल्याच सकाळी तिकिटाच्या मशीनसमोर निर्णय घ्यावा लागतो: दिवसाचा पास काढायचा, की लागेल तसं सुटं तिकीट घेत जायचं? बहुतेकजण एक सोपा भागाकार करतात. पासाच्या किमतीला एका तिकिटाच्या किमतीने भागायचं. उत्तर पाचच्या आसपास आलं आणि दिवसभरात पाच-सहा वेळा गाडीत बसायचं असलं, तर पास.

भागाकार बरोबर आहे. चूक होते ती आपण त्याच्याशी ताडून बघतो त्या आकड्यात. आपण गाडीत किती वेळा चढलो ते मोजतो, पण पैसे जातात ते तिकिटांचे. एका तिकिटात किती गाड्या बदलता येतात हे प्रत्येक शहरात वेगळं असतं. कुठे एकाच तिकिटावर बस, मेट्रो आणि पुन्हा बस असा प्रवास होतो. कुठे बसमधून उतरून मेट्रोच्या दारात गेलात की नवं तिकीट लागतं. त्यामुळे "दिवसात पाच वेळा चढणार असाल तर पास घ्या" हा सल्ला एका शहरात अचूक ठरतो आणि दुसऱ्या शहरात पैसे वाया घालवतो.

पॅरिसचं उदाहरण घेऊन हा हिशेब नीट मांडू, कारण बस आणि रेल्वे यांच्यामधली भिंत तिथे अगदी स्पष्ट दिसते.

पॅरिसमधली दोन तिकिटं

जानेवारी 2025 मध्ये पॅरिस आणि आसपासच्या प्रदेशाने तिकिटांची पद्धत बदलली. तेव्हापासून साधी तिकिटं मुख्यतः दोन आहेत. एक मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि आरईआर या शहर ओलांडून जाणाऱ्या जलद गाड्यांसाठी. ते 2025 मध्ये 2.50 युरोला होतं. दुसरं बस आणि ट्रामसाठी, 2 युरोला. दिवसाच्या पासाचं नाव नावीगो जूर, किंमत 12 युरो. दर जानेवारीत हे आकडे थोडे सरकतात, त्यामुळे जाण्याआधी ताजे दर बघावेत. इथे मी 2025 चेच आकडे वापरतो, म्हणजे हिशेब तोंडी करता येईल.

पहिलं तिकीट दोन तास चालतं. त्या वेळात मेट्रोतून मेट्रोत, मेट्रोतून आरईआरमध्ये कितीही वेळा बदला, जास्तीचे पैसे नाहीत. मात्र तुम्ही स्थानकाच्या आत असायला हवं. बाहेर पडून, कॉफी पिऊन पुन्हा आत शिरलात तर ते तिकीट संपलेलं असतं. दुसरं तिकीट दीड तास चालतं आणि त्यात बसमधून बसमध्ये किंवा ट्राममध्ये बदलता येतं. प्रत्येक गाडीत चढताना कार्ड टेकवावं लागतं, पैसे मात्र एकदाच कापले जातात. त्याच मार्गाच्या बसने उलट परत येणं त्या तिकिटात बसत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट: या दोन तिकिटांमध्ये पूल नाही. बसने स्थानकापर्यंत आलात आणि मेट्रोत शिरलात, तर 2 आणि 2.50 असे 4.50 युरो गेले. मधे फक्त तीन मिनिटं गेली असली तरीही.

एक दिवस प्रत्यक्ष मांडून पाहू. समजा मुक्काम गार द लेस्त या रेल्वे स्थानकाजवळ आहे. सकाळी मेट्रोच्या 7 क्रमांकाच्या मार्गाने थेट लूव्रला: 2.50. दुपारी लूव्रपासून 69 क्रमांकाच्या बसने आयफेल टॉवरशेजारच्या शां द मार्सला: 2. टॉवर पाहून झाल्यावर बीर-आकेम स्थानकावरून मेट्रोच्या 6 नंबरने एत्वालला, म्हणजे विजयकमानीपाशी: 2.50. रात्री तिथून 2 नंबरच्या मेट्रोने बार्बेसपर्यंत, तिथे 4 नंबरची गाडी पकडून मुक्कामी: गाड्या दोन, तिकीट एक, 2.50.

गाडीत चढलो पाच वेळा. तिकिटं लागली चार. खर्च 9.50 युरो. इथे पास घेतला असता तर अडीच युरो जास्त गेले असते. पाच वेळा चढलो म्हणून पास घेणारा माणूस इथेच फसतो, कारण रात्रीची मधली बदलाबदली त्याने वेगळी मोजलेली असते.

आता दुसरा दिवस. सकाळी 4 नंबरच्या मेट्रोने सेंट मिशेल, तिथून आरईआरच्या सी मार्गाने व्हर्सायचा राजवाडा. मेट्रो आणि आरईआर एकाच तिकिटात येत असल्यामुळे 2.50. अंतर किती आहे याचा नव्या पद्धतीत संबंध नाही. दोन स्थानकं पुढे जाण्याला जेवढे पैसे पडतात, तेवढेच व्हर्सायला पडतात. परतताना त्याच आरईआरने शां द मार्सला उतरलो: 2.50. तिथून बसने लूव्रच्या बाजूला: 2. संध्याकाळी मेट्रोने मुक्कामी: 2.50. जेवून पुन्हा मोंमार्त्रच्या टेकडीकडे जायचं ठरलं, म्हणून मेट्रोने जाताना 2.50 आणि येताना 2.50. एकूण 14.50. आज पासाने अडीच युरो वाचवले असते, आणि त्याचं श्रेय व्हर्सायच्या लांब प्रवासाला नाही. संध्याकाळी मुक्कामी येऊन पुन्हा बाहेर पडलो, तिथे दोन तिकिटं वाढली. पॅरिसमध्ये दूर जाण्याने पास वसूल होत नाही. वारंवार स्थानकाबाहेर पडून पुन्हा आत जाण्याने होतो.

मुक्काम कुठे आहे हे आधी बघा

माझ्या मते पास आणि तिकीट यांमधला निर्णय प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपेक्षा मुक्कामाच्या पत्त्यावर जास्त ठरतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

वरच्या उदाहरणात मेट्रोचं स्थानक मुक्कामाच्या दाराशी होतं. त्याऐवजी राहण्याची जागा अशा वस्तीत असेल की स्थानक गाठायला आधी दहा मिनिटं बस घ्यावी लागते, तर सकाळी निघताना बस आणि मेट्रो मिळून 4.50 आणि परतताना पुन्हा 4.50. दिवसभरात फक्त एका ठिकाणी जाऊन आलात तरी 9 युरो झाले. मधे मेट्रोची एकच फेरी वाढली तरी 11.50, म्हणजे पासापासून अर्धा युरो अलीकडे. आणखी एक फेरी झाली की पास स्वस्त. स्थानकाजवळ राहणाऱ्याला पास परवडायला पाच वेळा मेट्रोचं तिकीट लागावं लागतं. बसवर अवलंबून असणारा चौथ्या प्रवासातच तिथे पोहोचतो.

याची दुसरी बाजूही आहे. सुटी तिकिटं काढणार असाल तर मार्ग निवडताना एकाच जातीच्या गाड्यांमध्ये राहा. नकाशाचं अ‍ॅप सहसा सर्वात लवकर पोहोचवणारा मार्ग आधी दाखवतं. त्यात मेट्रोनंतर दोन थांब्यांची बस असेल, तर त्या दोन थांब्यांचे वेगळे 2 युरो पडतात. त्याऐवजी मेट्रोतून मेट्रोत बदलून जरा लांब उतरलात आणि दहा मिनिटं चाललात, तर काहीच पडत नाही. पास हातात असताना मात्र उलट वागावं: दोन थांब्यांसाठीही बिनदिक्कत बस घ्यावी. पाय दुखत असलेल्या संध्याकाळी ही मोकळीक फार मोलाची वाटते. वयस्कर आईवडील किंवा लहान मूल सोबत असेल, तर हिशेबात पास एक-दोन युरोंनी हरत असला तरी मी तोच सुचवीन.

पॅरिसबद्दल आणखी एक. 2024 पर्यंत तिथे पासाची किंमत झोननुसार आणि लांबच्या रेल्वे तिकिटांची अंतरानुसार बदलायची. व्हर्सायला जायचं म्हणजे महागडं तिकीट, शहराच्या गाभ्यातच राहिलात तर स्वस्त पास. त्या काळात लिहिलेले सल्ले अजून सगळीकडे वाचायला मिळतात. "गाभ्यातल्या झोनचा पास घ्या, पुरेसा आहे" असं कुठे वाचलंत, तर तो सल्ला जुना समजा. कोणत्याही शहराबद्दल वाचताना आधी मजकुराचं वर्ष बघावं आणि मगच आकडे उचलावेत.

दिवस म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत

पॅरिसचा पास तारखेचा आहे. मध्यरात्री सुरू होतो, मध्यरात्री संपतो. दुपारी तीनला शहरात पोहोचून पास काढलात तर त्याचा अर्ध्याहून जास्त भाग आधीच उलटून गेलेला असतो. रात्री बारानंतरही मेट्रो तासभर चालू असते, पण कालचा पास तेव्हा चालत नाही. उशिरा परतणार असाल तर शेवटच्या प्रवासाचं तिकीट वेगळं धरा.

बर्लिनची पद्धत निराळी आहे. तिथला पास 24 तासांचा. कागदी पासावर स्थानकातल्या छोट्या मशीनमध्ये शिक्का मारला की त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. शनिवारी दुपारी चारला शिक्का मारला तर रविवारी दुपारी चारपर्यंत फिरा. त्यामुळे हिशेबाचं एककच बदलतं. "आज माझे किती प्रवास आहेत" हा प्रश्न तिथे कामाचा नाही. कोणत्या सलग 24 तासांत माझे सर्वात जास्त प्रवास दाटलेत, असं विचारायला हवं.

आकड्यांत बघू. बर्लिनमध्ये शहराच्या ए आणि बी या झोनसाठी सुटं तिकीट 2025 मध्ये 3.80 युरो आणि 24 तासांचा पास 10.60 युरो होता. भागाकार केला तर तिसऱ्या तिकिटालाच पास पुढे जातो, कारण तीन तिकिटांचे 11.40 होतात. समजा तुम्ही शनिवारी दुपारी पोहोचलात. संध्याकाळी दोन प्रवास आहेत. रविवारी दुपारच्या आत दोन प्रवास आहेत, आणि मग पुढच्या शहराची गाडी. तारखेप्रमाणे विचार करणारा म्हणेल, रोज दोनच प्रवास, म्हणजे 7.60, पास कशाला? पण शनिवारच्या पहिल्या प्रवासाला शिक्का मारलात तर चारही प्रवास एका पासात बसतात. 15.20 च्या जागी 10.60.

त्याच कारणाने 24 तासांच्या शहरात सकाळी उठल्याउठल्या पास सुरू करायची घाई करू नये. दिवसभर एकाच संग्रहालयात काढायचा आहे, आणि खरी धावपळ संध्याकाळपासून उद्या दुपारपर्यंत असेल, तर सकाळी एक सुटं तिकीट घ्यावं आणि पासावर संध्याकाळी शिक्का मारावा.

बर्लिनच्या सुट्या तिकिटाची जातही पॅरिसपेक्षा वेगळी आहे. ते दोन तास चालतं आणि त्यात बस, ट्राम, भुयारी रेल्वे, उपनगरी रेल्वे सगळं येतं. अट एवढीच की प्रवास एका दिशेने व्हायला हवा. त्याच तिकिटावर परत फिरता येत नाही. म्हणजे बस, रेल्वे आणि पुन्हा ट्राम असा तिहेरी प्रवासही एकच तिकीट खातो. पॅरिसमध्ये मुक्कामापासून स्थानकापर्यंतच्या बसने हिशेब फिरवला होता. बर्लिनमध्ये त्या बसने काहीही फरक पडत नाही. तिथे फक्त किती ठिकाणी थांबलात आणि परत किती वेळा फिरलात तेवढंच मोजायचं.

शिक्क्याबद्दल एक सावधगिरी. मशीनमधून निघालेला प्रत्येक कागद आपोआप चालू झालेला नसतो. काहींवर वेळ आधीच छापलेली असते, काहींवर नसते. न छापलेल्या तिकिटावर शिक्का न मारता गाडीत बसलात आणि साध्या वेशातला तपासनीस आला, तर खिशात पैसे भरलेलं तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट ठरता, आणि बर्लिनमध्ये त्याचा दंड 60 युरो आहे. कागद हातात आला की त्यावर तारीख आणि वेळ दिसते का ते बघा. दिसत नसेल तर फलाटावरचं शिक्क्याचं मशीन शोधा.

पास जिथे संपतो

पासाच्या नावात शहराचं नाव असतं म्हणून तो शहरातल्या सगळ्या गाड्यांत चालतो असं आपण गृहीत धरतो. दोन ठिकाणी हे गृहीतक तुटतं.

पहिलं ठिकाण विमानतळ. पॅरिसच्या दिवसाच्या पासात दोन्ही मोठे विमानतळ येत नाहीत. तिथे जाण्यायेण्याचं वेगळं तिकीट आहे, 2025 मध्ये 13 युरोचं. बर्लिनचा विमानतळ सी झोनमध्ये येतो, तर शहरात फिरायला एबी पास पुरतो. म्हणून शेवटच्या दिवशी एबी पास असेल तर पूर्ण एबीसी पास घ्यायची गरज नाही; सी झोनसाठी जोडतिकीट मिळतं आणि ते स्वस्त पडतं. ज्या दिवशी विमानतळावर जायचं त्या दिवसाचा हिशेब नेहमी वेगळा करावा.

पॅरिसमध्ये हाच विमानतळ कधीकधी सगळा हिशेब उलटवतो. तिथे आठवड्याचा पास आहे, 2025 मध्ये 31.60 युरो, आणि त्यात विमानतळही येतात. तो सोमवार ते रविवार असाच चालतो, मधूनच सुरू केला तर आपले दिवस कमी होतात. तो प्लास्टिकच्या कार्डावर घ्यायचा तर फोटो लावायचं 5 युरोचं कार्डही लागतं. सोमवारी किंवा मंगळवारी उतरून त्याच आठवड्यात परत निघणाऱ्याला विमानतळाची दोन तिकिटंच 26 युरोला पडतात. कार्डासकट आठवड्याचा पास 36.60. मधला फरक दहा-अकरा युरोंचा, म्हणजे मेट्रोची चार-पाच तिकिटं. एवढी तर पहिल्या दिवशीच होतात. शुक्रवारी उतरणाऱ्याला मात्र या पासाचा उपयोग नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांची हद्द. युरोपातल्या पुष्कळ शहरांत सगळ्या गाड्यांना एकच तिकीट चालतं, जपानमध्ये ते गृहीत धरू नये. क्योतोत शहर बसचं भाडं शहराच्या मुख्य भागात सरसकट 230 येन आहे आणि भुयारी रेल्वे व बस यांचा एकत्रित दिवसाचा पास 1,100 येनचा. पाच वेळा बसमध्ये बसलात की 1,150 होतात, म्हणजे पाचव्या प्रवासाला पास वसूल. हिशेब सोपा वाटतो. पण फुशिमी इनारीच्या लाल कमानी आणि अराशियामा ही दोन ठिकाणं बहुतेकजण जेआर या वेगळ्या कंपनीच्या रेल्वेने गाठतात, आणि जेआरची रेल्वे त्या पासात नाही. दिवसभराच्या सहा प्रवासांपैकी तीन-चार जेआरने झाले, तर पासाच्या वाट्याला दोन-तीनच येतात. पास घेण्याआधी आजच्या प्रत्येक गाडीपुढे ती कोणाची आहे हे लिहून काढावं, आणि फक्त पासात येणाऱ्या गाड्याच मोजाव्यात.

क्योतोत पूर्वी फक्त बसचा स्वस्त दिवसाचा पासही होता. बसमध्ये प्रवाशांची इतकी दाटी होऊ लागली की शहराने 2023 मध्ये त्याची विक्री थांबवली. लोकांनी भुयारी रेल्वेकडे वळावं हा हेतू. जुन्या प्रवासवर्णनांत त्या पासाची शिफारस वाचून खिडकीवर तो मागणारे निराश होतात.

जिथे हा प्रश्नच उरत नाही

लंडनमध्ये पास की तिकीट हा विचार करायची गरज जवळपास संपली आहे. तिथे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड, फोन किंवा ऑयस्टर हे तिथलं प्रवासाचं कार्ड टेकवत फिरायचं. यंत्रणा दिवसभराचे प्रवास जोडत जाते आणि ठराविक मर्यादा गाठली की पुढचे पैसे कापणं थांबवते. 2025 मध्ये बसचं भाडं 1.75 पौंड आणि फक्त बस-ट्रामने फिरणाऱ्यासाठी दिवसाची मर्यादा 5.25 पौंड होती, म्हणजे बरोबर तीन भाडी. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात घेतलेल्या पुढच्या बस फुकट असतात, त्यामुळे ती तीन भाडी गाठायलाही वेळ लागतो. ट्यूब म्हणजे तिथली भुयारी रेल्वेही वापरलीत आणि मध्यवर्ती पहिल्या दोन झोनमध्येच राहिलात, तर बससकट सगळं मिळून 8.90 पौंडांवर थांबतं. कागदी दिवसाचा पास तिथे अजून विकला जातो, पण तो बराच महाग आहे आणि साध्या पर्यटकाला त्याचा फायदा नाही.

या पद्धतीत चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. सकाळी प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि दुपारी तेच कार्ड घातलेला फोन टेकवला, तर बँक खातं एक असलं तरी यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. दोघांचे प्रवास वेगवेगळे मोजले जातात आणि मर्यादा कुणाचीच गाठली जात नाही. सकाळी जे टेकवलं तेच रात्रीपर्यंत टेकवा. नवराबायकोने एकच कार्ड पाळीपाळीने वापरणंही चालत नाही. प्रत्येकाचं वेगळं हवं. ट्यूबमधून बाहेर पडताना टेकवायला विसरलात तर प्रवास अर्धवट समजून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचं. लंडनचा हिशेबी दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, म्हणून रात्री एक वाजता घरी परतणाऱ्याचा प्रवास आदल्या दिवसाच्याच मर्यादेत मोजला जातो.

अशी मर्यादा असणारी शहरं वाढताहेत. म्हणून कोणत्याही नव्या शहरात सर्वात आधी शोधायची माहिती हीच: कार्ड टेकवून फिरलं तर दिवसाला कमाल किती कापतात? ही मर्यादा असेल आणि ती पासाच्या किमतीएवढी किंवा कमी असेल, तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा. फक्त आपली बँक परदेशातल्या व्यवहारावर किती शुल्क लावते ते आधी विचारून घ्या.

दोलायमान दिवस

मर्यादा नसलेल्या शहरात काही दिवस असे येतात की हिशेब अगदी काठावर असतो. पॅरिसमध्ये मेट्रोची पाच तिकिटं लागतील असा बेत आहे: सुटी घेतली तर 12.50, पास 12. अशा वेळी अर्ध्या युरोकडे बघू नये. बेत मोडला तर काय होईल ते बघावं.

पावसाने किंवा थकव्याने दोनच प्रवास झाले, तर सुट्या तिकिटांचे 5 युरो गेलेले असतील. पास घेतला असेल तर 7 युरो फुकट गेले. उलट उत्साहात सहा प्रवास झाले, तर सुटी तिकिटं 15 ला पडतील आणि पास न घेतल्याचं नुकसान 3 युरो. प्रवासात बेत वाढण्यापेक्षा आखडण्याची शक्यता मला नेहमीच जास्त वाटते. सकाळी यादीत लिहिलेलं शेवटचं ठिकाण संध्याकाळपर्यंत बहुधा उद्यावर गेलेलं असतं. त्यामुळे तारखेच्या पासाच्या शहरात, काठावरच्या दिवशी, मी सुटी तिकिटं घेईन. पास घेईन तो हिशेबात एका पूर्ण तिकिटाची तरी बचत स्पष्ट दिसत असेल तेव्हाच.

24 तासांच्या शहरात मात्र काठावर असताना पासाकडे झुकावं. आजचे प्रवास कमी झाले तरी उद्याची सकाळ त्यात शिल्लक असते, आणि सकाळचा तो एक प्रवास ठरलेलाच असतो.

तीन-चारजण एकत्र असाल तर मशीनवर गटाचा पास आहे का तेही बघा. बर्लिनसारख्या शहरात पाच जणांपर्यंतचा 24 तासांचा गटपास मिळतो. तो घेतला तर सगळ्यांनी दिवसभर एकत्रच फिरायला हवं. दुपारी दोघं संग्रहालयात आणि दोघं बाजारात अशी फाटाफूट होणार असेल, तर ज्यांच्या हातात पास नाही त्यांना पुन्हा सुटी तिकिटं काढावी लागतात आणि गटाची बचत तिथेच संपते.